आयव्ही रँक बघून प्रीमियम विकत घ्यायचा की विकायचा? निफ्टी ऑप्शनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं निफ्टीचे मासिक ऑप्शन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आकडे पॉइंटमध्ये दिले आहेत, कारण लॉटचा आकार बदलत असतो. रुपयांत हिशोब हवा असेल तर चालू लॉटने गुणा. उदाहरणांतले प्रीमियम ऑप्शनच्या नेहमीच्या सूत्राने काढलेत, व्याज बाजूला ठेवून आणि सगळ्या स्ट्राइकना एकच आयव्ही धरून. प्रत्यक्ष ऑप्शन चेनमध्ये पुटची आयव्ही कॉलपेक्षा थोडी चढी दिसते, त्यामुळे तिथले भाव थोडे इकडेतिकडे असतील.

आयव्ही रँक म्हणजे नेमकं काय?

आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, हा ऑप्शनच्या आजच्या भावात दडलेला चढउताराचा अंदाज असतो. तो वार्षिक टक्केवारीत सांगतात. पण "आयव्ही १६ आहे" एवढ्यावरून प्रीमियम महाग की स्वस्त हे कळत नाही. निफ्टीसाठी १६ एखाद्या वर्षी चढी असते, तर एखाद्या वर्षी अगदी सर्वसाधारण. आजचा आकडा गेल्या वर्षभराच्या तळ आणि शिखर यांच्या मध्ये कुठे बसतो, ते रँक सांगतो. तळावर असेल तर ०, शिखरावर असेल तर १००.

समजा वर्षातला तळ ११, शिखर २५ आणि आज २०. तळापासून आजपर्यंतचं अंतर ९, तळापासून शिखरापर्यंतचं १४. ९ भागिले १४, म्हणजे रँक साधारण ६४. एवढंच गणित आहे. यात निफ्टी वर जाणार की खाली, याबद्दल एक अक्षरही नाही, आणि आयव्ही उद्या उतरेल अशी हमीही नाही.

निफ्टीसाठी आयव्हीचा कुठला आकडा घ्यायचा?

इंडिया विक्स घ्या. एनएसई २००८ पासून तो प्रसिद्ध करते. निफ्टीच्या ऑप्शनच्या खरेदी-विक्रीच्या बोलींवरून, पुढच्या ३० दिवसांसाठी बाजाराने धरलेला चढउतार तो दाखवतो. एनएसईच्या संकेतस्थळावरून वर्षभराचे रोजचे आकडे फाइलमध्ये उतरवून घेता येतात.

स्प्रेडशीटमध्ये इंडिया विक्सचे बंद भाव B स्तंभात टाका, सर्वांत नवा दिवस वर, B2 मध्ये. वर्षात साधारण २५२ व्यवहाराचे दिवस धरायचे. पहिली ओळ रँकची, दुसरी पर्सेंटाइलची:

```
=(B2-MIN(B2:B253))/(MAX(B2:B253)-MIN(B2:B253))*100
=COUNTIF(B2:B253,"<"&B2)/COUNT(B2:B253)*100
```

बंद भावच घ्यायचे, दिवसातले उच्चांक-नीचांक नकोत. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, इंडिया विक्स दिवसात ३१ च्या वर गेला आणि बंद होताना २७ च्या जवळ आला. तळ १० धरून नंतर विक्स १४ असताना रँक काढला, तर बंद भावाने तो २४ येतो आणि दिवसातल्या शिखराने १९. दोन संकेतस्थळांवर एकाच दिवशी वेगळा रँक दिसतो, त्याचं एक कारण हे असतं. दुसरं कारण म्हणजे काही ठिकाणी विक्सऐवजी जवळच्या एक्स्पायरीच्या अॅट द मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू भावाजवळच्या, स्ट्राइकची आयव्ही घेतात. म्हणून रँक स्वतः काढावा, आणि रोज एकाच पद्धतीने.

रँक आणि पर्सेंटाइल यांत फरक काय? कुठला बघायचा?

रँक फक्त दोन दिवसांवर उभा असतो, तळाचा आणि शिखराचा. बाकीचे २५० दिवस कसे गेले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वर्षातल्या किती दिवशी आयव्ही आजच्यापेक्षा कमी होती, ते पर्सेंटाइल मोजतो. एखादा मोठा भडका उडून गेला की दोघांची फारकत होते. वरचंच उदाहरण घ्या. तळ १०, शिखर २७, आज १४, रँक २४. रँक सांगतो की प्रीमियम स्वस्त आहे. पण समजा २५२ पैकी १६० दिवस विक्स १४ च्या खाली होता. मग पर्सेंटाइल ६३ येतो आणि सांगतो की आजचा प्रीमियम नेहमीपेक्षा चढाच आहे. अशा वेळी रँकवर विसंबून स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट मिळून, विकत घेणारा माणूस महाग माल स्वस्त समजून घेत असतो.

आणखी एक खोच लक्षात ठेवण्यासारखी आहे. भडक्याला वर्ष पूर्ण झालं की तो दिवस हिशोबातून गळतो आणि बाजारात काहीही न घडता रँक उडी मारतो. तळ १२, शिखर २७ आणि आज १६ असेल तर रँक २७. उद्या २७ चा दिवस गळला आणि नवं शिखर २३ ठरलं, तर त्याच १६ चा रँक ३६ होतो. रँक एकाएकी बदललेला दिसला की आधी शिखराची तारीख बघा, मग बाजाराकडे.

आम्ही दोन्ही आकडे शेजारी ठेवतो. दोघं एकच सांगत असतील तर पुढे जायचं. त्यांच्यात ३० पेक्षा जास्त अंतर पडलं, तर पर्सेंटाइलवर अधिक भरवसा ठेवायचा.

रँक किती असला की विकायचं आणि किती असला की विकत घ्यायचं?

रूढ ठोकताळा असा: ५० च्या वर विक्रीचा विचार, २५ च्या खाली खरेदीचा. या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत, ४९ आणि ५१ मध्ये काही फरक नसतो. रँकमुळे प्रत्यक्षात काय बदलतं हे कळण्यासाठी एकच सौदा दोन वेगळ्या आयव्हींवर मांडून बघू.

निफ्टी २५,०००, एक्स्पायरीला ३० दिवस. आयर्न कॉन्डॉर: २३,६०० चा पुट आणि २६,४०० चा कॉल विकायचा, २३,२०० चा पुट आणि २६,८०० चा कॉल संरक्षणासाठी घ्यायचा. दोन्ही बाजूंची रुंदी ४०० पॉइंट.

आयव्ही २० असताना या चार पायांचे मिळून साधारण १०५ पॉइंट हातात येतात, आणि जास्तीत जास्त तोटा २९५ चा. आयव्ही १२ असताना त्याच स्ट्राइकचे जेमतेम २५ पॉइंट मिळतात, आणि तोटा ३७५ पर्यंत जाऊ शकतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. आयव्ही १२ असताना निफ्टी त्या स्ट्राइकपर्यंत पोचण्याची शक्यताही बाजाराने कमीच धरलेली असते. म्हणजे कागदावर दोन्ही भाव रास्तच आहेत आणि जास्त प्रीमियम मिळाला म्हणून आपोआप फायदा होत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे खर्च. चार पाय उघडायचे आणि चार बंद करायचे. प्रत्येक वेळी बोलीतल्या फरकात एक पॉइंट गेला तरी ८ पॉइंट संपले, ब्रोकरेज आणि एसटीटी वेगळेच. १०५ मधून ८ गेले तर चालतं. २५ मधून ८ गेले तर तिसरा हिस्सा गेला.

दुसरं म्हणजे आयव्ही पुढे कुठे जाऊ शकते. २० वर विकलेला कॉन्डॉर दहा दिवसांनी, निफ्टी जागेवर असताना बघू. आयव्ही २० वरच राहिली तर तो साधारण ७० ला परत घेता येतो. आयव्ही १५ वर उतरली तर २७ च्या आसपास. म्हणजे दहा दिवसांच्या वेळेने ३५ पॉइंट दिले आणि आयव्हीच्या उताराने आणखी ४३. उलट आयव्ही २६ वर गेली, तर दहा दिवस वाट बघूनही तो १०५ च्या वरच राहतो आणि हाती काहीच लागत नाही. रँक ६४ असताना उताराला जागा मोठी आहे, पण वरची वाट बंद झालेली नाही. रँक ७ असताना मात्र खाली फार जागाच नसते आणि वर मोकळं रान असतं. विक्रेत्याने नेमकी हीच बाजू टाळायची असते.

कमी रँकवर बऱ्याच जणांच्या हातून होणारी चूक म्हणजे "२५ च मिळतात" म्हणून स्ट्राइक जवळ ओढणं. मग ८० पॉइंट मिळतात, पण सौदा निफ्टीच्या रोजच्या साध्या हालचालीतच सापडतो, आणि आयव्ही वाढली की दोन्हीकडून मार बसतो.

रँक जास्त आहे म्हणजे प्रीमियम महागच आहे, हे खरं ना?

गेल्या वर्षाच्या तुलनेत महाग, एवढंच खरं. बाजार प्रत्यक्षात किती हलतोय याच्या तुलनेत महाग आहे का, ते वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी निफ्टीच्या गेल्या २० दिवसांच्या बंद भावांवरून प्रत्यक्ष चढउतार काढा. निफ्टी D स्तंभात असेल तर पहिली ओळ E2 मध्ये लिहून खाली ओढा, दुसरी कुठेही लिहा:

```
=LN(D2/D3)
=STDEV.S(E2:E21)*SQRT(252)*100
```

आता विक्सशी तुलना करा. विक्स २० आणि प्रत्यक्ष चढउतार १४ असेल तर विक्रेत्याला सहा टक्क्यांची उशी मिळते. विक्स २० आणि प्रत्यक्ष २३ असेल तर रँक ६४ असूनही प्रीमियम स्वस्त विकला जातोय. बाजार जोरात कोसळत असताना हे हमखास घडतं. रँक दिमाखदार दिसतो, आणि निफ्टी रोज विक्सच्या अंदाजापेक्षा जास्त हलत असतो.

रोजच्या हालचालीचा अंदाज तोंडी करायचा असेल तर विक्सला १६ ने भागा. विक्स २० म्हणजे दिवसाला साधारण सव्वा टक्का, २५,००० वर ३०० पॉइंटच्या थोडं वर. निफ्टी तीनपैकी दोन दिवस त्याच्या आत बंद होत असेल तर विक्स बाजाराशी सुसंगत आहे. रोजच त्याच्या बाहेर जात असेल तर विक्री थांबवायची.

हेच उलट बाजूनेही लागू आहे. विक्स १२, रँक ७, पण प्रत्यक्ष चढउतार ८ असेल, तर "स्वस्त" दिसणारा ऑप्शनही घेणाऱ्याला महागच पडतो.

रँक १०० च्या जवळ असेल तर डोळे मिटून विकावं का?

नाही. रँक शिखराला जातो तो बहुतेक वेळा समोर ठरलेली घटना असते म्हणून, किंवा पडझड सुरू असते म्हणून. ३१ मे ते ५ जून २०२४ हे चार व्यवहाराचे दिवस बारकाईने बघितले की याचं उत्तर मिळतं.

शुक्रवार ३१ मे. विक्स २४.६ च्या आसपास, वर्षाच्या शिखरावर, म्हणजे रँक जवळपास १००. एप्रिलच्या उत्तरार्धात हाच विक्स १० पर्यंत उतरला होता. निफ्टी २२,५३० वर बंद. समजा कुणी २७ जूनच्या एक्स्पायरीचा २२,५०० चा स्ट्रॅडल उघडा, म्हणजे संरक्षणाशिवाय, विकला. विक्सलाच आयव्ही धरून सूत्राने काढलं तर साधारण १,२०० पॉइंट हाती आले.

शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर, २३,२६४ वर बंद झाला आणि विक्स २१ च्या खाली आला. मंगळवारी ४ जूनला मतमोजणी. निफ्टी दिवसात २१,२८१ पर्यंत घसरला आणि जवळपास ६ टक्के खाली, २१,८८५ च्या आसपास बंद झाला. दिवसातलं सर्वांत वाईट टोक, म्हणजे निफ्टीचा तळ आणि विक्सचं शिखर, एकत्र धरलं तर त्या स्ट्रॅडलची सैद्धांतिक किंमत १,७०० च्या वर जाते. एका युनिटमागे ५०० पॉइंटचा तोटा आणि वर वाढलेलं मार्जिन. बुधवारी ५ जूनला निफ्टी २२,६२० वर परतला, विक्स १९ वर आला आणि तोच स्ट्रॅडल सूत्राने ८४० च्या आसपास येतो. म्हणजे ३६० पॉइंटचा नफा!

शुक्रवारपासून बुधवारपर्यंत निफ्टी केवळ ९० पॉइंट सरकला. रँकने दिलेला इशारा शेवटी बरोबरच ठरला. पण ज्याच्याकडे मंगळवार निभावण्याइतकं मार्जिन नव्हतं, त्याचा सौदा बुधवार उजाडण्यापूर्वी ब्रोकरने तोट्यात कापला. आणि बुधवारी निफ्टी परतेल हे मंगळवारी कुणालाच माहीत नव्हतं. तो आणखी ५ टक्के पडला असता तर याच उदाहरणाचा शेवट वेगळा झाला असता.

यातून कामाचा नियम एवढाच. घटना समोर असताना रँक १०० दिसला तर तो महागपणा नसून जोखमीचं मोल असतं. बुधवारी घटना होऊन गेली होती, विक्स उतरायला लागला होता, तरी १० ते २७ च्या पट्ट्यात १९ चा रँक ५३ होता. त्या दिवशी आयर्न कॉन्डॉर विकणाऱ्याला आयव्हीचा उतार मिळाला, कारण जूनच्या मध्यापर्यंत विक्स १३ च्या आसपास आला. शिखरावरचा रँक पकडण्याची घाई करू नका. विक्स शिखरापासून उतरू लागला आहे आणि कारण मागे पडलं आहे, या दोन गोष्टी दिसल्या की ५० च्या पुढचा कुठलाही रँक पुरतो.

घटनेच्या आधीच विकायचं असेल तर चारही पाय असलेलाच सौदा करा. उघडा स्ट्रॅडल किंवा स्ट्रँगल तिथे नको. कॉन्डॉरमध्ये जास्तीत जास्त तोटा पहिल्याच दिवशी माहीत असतो आणि मार्जिनचा भडका तुम्हाला बाहेर ढकलत नाही.

रँक कमी आहे. आता काय विकत घेऊ?

आधी हे बघा की वेळेची किंमत काय पडते. निफ्टी २५,०००, आयव्ही १२, ३० दिवसांचा अॅट द मनी स्ट्रॅडल साधारण ६८८ पॉइंटला मिळतो. तो झटपट काढायचा तर निफ्टी गुणिले आयव्ही गुणिले वर्षातल्या उरलेल्या वेळेचं वर्गमूळ, आणि त्याच्या ८० टक्के. दहा दिवस गेले, निफ्टी जागेवरच, आयव्ही १२ च. स्ट्रॅडल ५६२ वर येतो, १२६ पॉइंट विरघळले. हे नुसतं भरून यायला आयव्ही १२ वरून १५ वर जावी लागते, म्हणजे तीन पूर्ण टक्के. दहा दिवसांत तसं घडण्यासारखं समोर काही आहे का, हा प्रश्न खरेदीआधी विचारायचा असतो. नुसता "रँक कमी आहे" हे उत्तर पुरेसं नाही, कारण विक्स तळाशी महिनोन् महिने पडून राहू शकतो. शिखरावरून तो बहुधा लवकर उतरतो, पण तळावरून कधी उठेल याला वेळापत्रक नसतं. विक्री आणि खरेदी यांतला हा असमतोल रँकच्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून कमी रँकला खरेदी करताना घटनेची तारीख हातात हवी: रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल. घटनेच्या दोन-तीन आठवडे आधी, विक्स अजून खाली असताना घ्यायचं, आणि शक्यतो घटनेच्या आधी विक्स फुगला की निम्मं तरी विकायचं. एक्स्पायरी घटनेनंतरची निवडा, किमान ३० दिवस हातात ठेवा.

कॉल आणि पुट यांत इथे मोठा फरक आहे. निफ्टी पडतो तेव्हा विक्स सहसा वाढतो. त्यामुळे कमी रँकवर घेतलेल्या पुटला दिशा आणि आयव्ही दोघांचा हात मिळतो. निफ्टी हळूहळू चढतो तेव्हा विक्स बहुधा आणखी घसरतो, आणि कॉल घेणाऱ्याची दिशा बरोबर असूनही पैसे हवे तेवढे वाढत नाहीत. "निफ्टी १५० पॉइंट वर गेला, माझा कॉल मात्र तिथेच" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. तेजीचं मत असेल तर बुल कॉल स्प्रेड घ्या, म्हणजे जवळचा कॉल घेऊन ३००–४०० पॉइंट वरचा विकायचा. आयव्ही उतरल्याचा घाव विकलेल्या कॉलमुळे बराच बोथट होतो. मंदीचं मत असेल आणि रँक २५ च्या खाली असेल, तर नुसता पुट घेणं समर्थनीय आहे. तिथे स्प्रेड करून आयव्हीचा फायदा स्वतःहून सोडू नये.

रँक २५ ते ५० च्या मध्ये असेल तर?

मग रँक काहीच सांगत नाही. दिशेचं मत असेल तर प्रीमियम देऊन घेतलेला डेबिट स्प्रेड किंवा प्रीमियम मिळवून देणारा क्रेडिट स्प्रेड, आयव्हीचा विचार न करता. मत नसेल तर सौदा नको.

सौदा उघडताना आणि बंद करताना कुठली काळजी घ्यायची?

कॉन्डॉर उघडताना आधी खरेदीचे पाय, मग विक्रीचे. संरक्षण आधी असलं की मार्जिन कमी लागतं, आणि मध्येच ऑर्डर अडकली तरी उघडी विक्री हातात राहत नाही. बंद करताना उलट: आधी विकलेले पाय परत घ्या, मग संरक्षण विका. घाईत संरक्षण आधी विकलं की मार्जिन एकदम वाढतं आणि ऑर्डर नाकारली जाऊ शकते.

लिमिट ऑर्डरच वापरा. निफ्टीत १०० च्या पटीतल्या स्ट्राइकना जास्त उलाढाल असते, ५० च्या पटीतल्यांना दूरवर कमी, आणि दूरच्या महिन्यांत बोलीतला फरक फार मोठा असतो.

बाहेर पडण्याचे रूढ आकडे असे. विक्रीत निम्मा प्रीमियम मिळाला की बंद. वरच्या उदाहरणात १०५ ला विकलेला कॉन्डॉर ५२ ला परत. तोट्याच्या बाजूला, मिळालेल्या प्रीमियमच्या दुप्पट भाव झाला की बंद, म्हणजे २१० ला. नफा नाही आणि तोटाही नाही अशी अवस्था असेल, तर एक्स्पायरीच्या आठवड्यात शिरण्याआधी मोकळं व्हा. त्या दिवसांत विकलेल्या स्ट्राइकजवळ निफ्टी आला की भाव तासाभरात तिप्पट होऊ शकतो. शिवाय सेबीच्या ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनुसार एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन लागतं.

सौद्याचा आकार जास्तीत जास्त तोट्यावरून ठरवा, मार्जिनवरून नाही. २९५ गुणिले लॉट ही रक्कम भांडवलाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर रुंदी ४०० ऐवजी २०० करा किंवा सौदा सोडा.

वीकली ऑप्शनला हाच रँक चालतो का?

चालत नाही. विक्स ३० दिवसांचा आहे. चार दिवसांच्या ऑप्शनची आयव्ही त्या चार दिवसांत काय घडणार यावर ठरते आणि विक्सपासून कितीही लांब जाऊ शकते. पतधोरणाच्या आठवड्यात विक्स १३ आणि वीकली आयव्ही १८ असं चित्र दिसू शकतं. तिथे वेगळा प्रश्न विचारायचा: अॅट द मनी स्ट्रॅडलचा भाव किती, आणि गेल्या काही आठवड्यांत एक्स्पायरीला तेवढेच दिवस उरले असताना तो किती होता? रोज ठरलेल्या वेळी तो भाव निफ्टीच्या टक्क्यांत लिहून ठेवला तर तीन-चार महिन्यांत स्वतःचा वीकली रँक तयार होतो. दुसरा मार्ग नाही.

शेअरच्या ऑप्शनमध्ये?

तिथे रँक दर तिमाहीला फसवतो. कंपनीच्या निकालाच्या आधीच्या आठवड्यात आयव्ही चढते आणि निकाल लागल्याच्या दुसऱ्या सकाळी कोसळते, त्यामुळे वर्षातून चार वेळा रँक ८०–९० दिसणं स्वाभाविकच आहे. निकालाच्या आधीच्या दिवसाची तुलना वर्षभराशी करून उपयोग नाही. ती मागच्या तीन-चार निकालांच्या आधीच्या दिवसाशी करा, आणि त्या प्रत्येक निकालानंतर शेअर प्रत्यक्षात किती टक्के हलला ते शेजारी लिहा. स्ट्रॅडल ५ टक्क्यांचा असेल आणि शेअर मागच्या चार वेळा ३, ७, २ आणि ८ टक्के हलला असेल, तर विक्रेत्यासाठी तिथे काहीही महाग नाही.

आणखी एक अडचण. २०१९ पासून सगळ्या शेअर ऑप्शनची एक्स्पायरीला प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. आयर्न कॉन्डॉरचा फक्त विकलेला पाय इन द मनी संपला तर शेअर द्यावे किंवा घ्यावे लागतात, आणि शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरीचं मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढत जातं. इन द मनी खरेदी असली तरी हे मार्जिन लागतं. निफ्टीचे ऑप्शन रोखीत मिटतात, तिथे हा प्रश्न येत नाही. शेअरचा सौदा एक्स्पायरीच्या आधीच्या आठवड्यातच बंद करा, तेव्हा रँक काहीही दाखवत असला तरी.